कोणत्या लिंकवरून किती आले?

यूट्यूबवरच्या पाककृतीत साहित्याच्या यादीची एकच लिंक तिन्हीकडे दिली, तर कोणती चालली ते कळत नाही. म्हणून वर्णनातल्या लिंकला `?utm_source=varnan`, पिन केलेल्या कमेंटमधल्या लिंकला `?utm_source=comment` असं शेपूट जोडायचं. पडद्यावरच्या अक्षरांवर क्लिक होतच नाही, पत्ता टाइप करावा लागतो; तिथे वेगळा, छोटा पत्ता हवा.

समजा, 2,000 व्ह्यूजमधून अनुक्रमे 40, 24 आणि 6 जण आले. दर 2, 1.2 आणि 0.3 टक्के, पडदा हरला म्हणायचा? पण तो पत्ता आठव्या मिनिटाला दिसत असेल आणि तिथवर 400 जणच टिकले असतील, तर दर दीड टक्का होतो, कमेंटहून जास्त. शॉर्ट्समध्ये ही तुलना नकोच: ऑगस्ट 2023 अखेरपासून तिथल्या वर्णनातल्या आणि कमेंटमधल्या लिंकवर क्लिक होत नाही.