सात दिवस, उसनी वही: बारावीची भागीदारी अंतिम खाती

दिवस १. वहीतली उदाहरणे पाठ्यपुस्तकाशी ताडून पाहा. उतरवताना एखादी समायोजना गळली, तर उत्तर जुळत नाही.

दिवस २ ते ५. फक्त समायोजना. तेरजेबाहेरच्या प्रत्येकीच्या दोन नोंदी होतात. यंत्रसामग्री ५०,००० रुपये, वर्षाचा घसारा १० टक्के: नफा-तोटा खात्याच्या नावे बाजूला ५,०००, ताळेबंदात यंत्रसामग्री ४५,०००. घसारा तेरजेतच दिला असेल तर नोंद एकच, नफा-तोटा खात्यात. घोटाळा बहुधा इथेच होतो.

दिवस ६ आणि ७. वही मिटून, घड्याळ लावून रोज एक पूर्ण उदाहरण. ताळेबंदात फरक आला, तर त्याच्या निम्मी रक्कम शोधा. ती चुकीच्या बाजूला गेलेली असू शकते. पूर्ण फरकाएवढ्याच रकमेची बाब सापडली, तर तिची दुसरी नोंद राहिली आहे का ते पाहा.