‘नव्वद टक्के झालंय’ म्हणजे नेमकं किती?

असं एक काम डोळ्यांसमोर आणू. एका तालुका दूध संघासाठी सॉफ्टवेअर बनतंय. गावोगावच्या संकलन केंद्रांवर दूध मोजायचं, फॅट-एसएनएफवरून दर काढायचा आणि दहा दिवसांचं बिल उत्पादकाच्या खात्यावर जमा करायचं. काम १० डिसेंबरला सुरू झालं. नवं आर्थिक वर्ष उजाडताच, १ एप्रिलला, सगळी केंद्रं नव्या सॉफ्टवेअरवर यायची आहेत. १८ फेब्रुवारीला संघाचे कार्यकारी संचालक फोन करतात, “काम कुठवर आलंय?” टीममधून उत्तर येतं, “नव्वद टक्के झालंय, साहेब.”

हे उत्तर देणारा खोटं बोलत नसतो. पडदे तयार असतात, बटणं दाबली की आकडे दिसतात. पण केंद्रावर कुठे एका कंपनीचा वजनकाटा असतो, कुठे दुसऱ्या. मिल्क ॲनालायझरही वेगवेगळे, आणि प्रत्येक यंत्र आकडे आपापल्या पद्धतीने पाठवतं. पहाटे ऐन संकलनात वीज गेली तर नोंद हरवता कामा नये. जुन्या वह्यांत एकच उत्पादक दोन नावांनी असतो. ही कामं पडद्यावर दिसत नाहीत, म्हणून टक्क्यांतही येत नाहीत. वेळ मात्र तीच खातात.

म्हणून टक्के सोडून नग मोजावेत. या प्रकल्पात एकूण ४० कामं ठरली होती. ‘झालं’ म्हणायची कसोटी एकच ठेवायची : संघाच्या माणसाने स्वतः चालवून पाहिलं आणि मान्य केलं. ‘थोडंच राहिलंय’ असलेलं काम शून्य धरायचं. या कसोटीवर दहा आठवड्यांत २० कामं भरली, म्हणजे आठवड्याला दोन. चौदा आठवड्यांत ४० करून शेवटचे दोन आठवडे जुनी-नवी पद्धत शेजारी-शेजारी चालवून बिलं ताडून पाहायची, असा बेत होता. त्या हिशेबाने आजवर २८ कामं व्हायला हवी होती.

उरलेल्या २० कामांना याच वेगाने दहा आठवडे लागतील, वर पडताळणीचे दोन. म्हणजे १३ मे. उरलेली कामं अवघड असल्याने वेग दीडवर आला, तर १० जून. ग्राहकाला या दोन्ही तारखा सांगाव्यात. एकच तारीख सांगितली की तो तिच्यावर सगळं बांधतो, आणि तीही हुकली तर पुढच्या कुठल्याच तारखेवर त्याचा विश्वास बसत नाही.

इथे साहेब हमखास विचारतात, “चार माणसं वाढवा ना!” आयबीएमच्या ओएस/३६० या प्रचंड प्रकल्पाचे प्रमुख राहिलेले फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ सालच्या पुस्तकात लिहून ठेवलंय की, उशीर झालेल्या प्रकल्पात माणसं वाढवली तर उशीर आणखी वाढतो. नव्या माणसाला काम समजावणार कोण? जो आज ते काम करतोय तोच. फॅट-एसएनएफचं दरपत्रक समजावण्यात त्याचा आठवडा जातो आणि तेवढ्यात दोन कामं मागे पडतात. दूर असलेल्या मुदतीला ही भरती फळते, सहा आठवड्यांवर आलेल्या मुदतीला नाही.

माणसं वाढवून तारीख गाठता येत नाही, पण काम कमी करून गाठता येते. उरलेल्या २० पैकी संकलन आणि बिल यांना अत्यावश्यक अशी सहाच कामं आहेत. वेग दीड धरला तरी चार आठवडे पुरतात आणि पडताळणीचे दोन आठवडे शाबूत राहतात. तेव्हा पत्र असं जावं :

“आदरणीय साहेब, १ एप्रिलला संपूर्ण सॉफ्टवेअर देता येणार नाही. ४० पैकी २० कामं आपल्याकडून मान्य झाली आहेत, आजपर्यंत २८ अपेक्षित होती. वजनकाटे आणि ॲनालायझर जोडण्याचा आमचा अंदाज चुकला. दोन पर्याय आहेत. पहिला : संकलन व बिल १ एप्रिललाच सुरू करू, बाकीची १४ कामं त्यानंतर टप्प्याटप्प्याने देऊ. तोवर पशुखाद्याच्या उधारीची कपात कारकुनांना दर बिलाला हाताने भरावी लागेल. दुसरा : सगळं एकदम, १३ मे ते १० जूनदरम्यान. आमची शिफारस पहिल्याची आहे. कृपया २५ फेब्रुवारीपर्यंत निर्णय कळवावा. पुढील आकडा दर बुधवारी पाठवू.”

पहिल्याच वाक्यात वाईट बातमी आहे, कारण साहेब पत्र घाईत वाचतात. चूक कुणाची ते एका वाक्यात सांगून टाकलंय. आणि सोयीच्या पर्यायाची किंमतही लपवलेली नाही. कपात हाताने भरायची तर कारकुनांना आधी सांगावं लागेल, नाहीतर पहिल्याच बिलात उत्पादकाच्या पैशांचा घोळ होईल.

हेच पत्र २५ मार्चला गेलं, तर त्यातला पहिला पर्याय उरलेलाच नसतो. दूध संघापाशी निवडायला काही शिल्लक असतं, ते १८ फेब्रुवारीला.