'का' विचारू नका, कागद मागा

गावातला काँक्रीटचा रस्ता पहिल्याच पावसाळ्यात उखडला, की कोणीतरी माहिती अधिकाराचा अर्ज टाकतं. अर्जात लिहिलेलं असतं, 'रस्ता का खराब झाला? पैसे कोणी खाल्ले?' उत्तर येतं, 'प्रश्नार्थक माहिती देता येत नाही.' चीड येते खरी, पण कायदा इथे कार्यालयाच्या बाजूने आहे. दप्तरी असेल तेवढीच माहिती त्यांनी द्यायची असते. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानेही 2008 मध्ये हेच सांगितलं.

म्हणून कागद मागा. त्यातही मोजमाप पुस्तिका, म्हणजे एमबी, सोडू नका. अभियंत्याने मोजलेली रस्त्याची लांबी, रुंदी, जाडी तीत असते आणि त्यावरच ठेकेदाराचं बिल निघतं. पुस्तिकेत जाडी पंधरा सेंटिमीटर लिहिली असेल आणि उखडलेल्या कडेला टेप लावल्यावर दहाच भरली, तर वेगळा प्रश्न विचारायची गरज उरत नाही.

महाराष्ट्रात अर्ज 'जोडपत्र अ' या नमुन्यात, साध्या कागदावर लिहिला तरी चालतो. विषय एकच हवा आणि मजकूर साधारण दीडशे शब्दांत बसवायचा. विषयाच्या रकान्यात रस्ता कुठून कुठपर्यंत ते लिहा, कालावधीत आर्थिक वर्ष. तपशिलात एवढंच पुरे : 'या कामाचे अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पाने आणि अदा केलेली देयके यांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात.' माहिती कशाला हवी, हे सांगायचं बंधन नाही. कोणी विचारलं तरी सांगू नका. वर दहा रुपयांचं कोर्ट फी स्टँप लावा. दारिद्र्यरेषेखालच्यांना फी नाही, फक्त दाखल्याची प्रत जोडावी.

काम ग्रामपंचायतीचं असेल तर अर्ज तिथल्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे. बहुतेक ठिकाणी ते ग्रामपंचायत अधिकारीच असतात. काम जिल्हा परिषदेचं असेल तर तिच्या बांधकाम उपविभागाकडे. कार्यालय चुकलं तरी अर्ज परत पाठवता येत नाही, पाच दिवसांत योग्य ठिकाणी वर्ग करावा लागतो. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर सही, शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय मात्र उठू नका. घ्यायलाच नकार दिला तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा; पुढची सगळी मुदत अर्ज कार्यालयाला मिळाल्याच्या तारखेपासून मोजली जाते.

उत्तराला तीस दिवस. प्रतींना पानामागे दोन रुपये पडतात. पैसे भरा असं पत्र कार्यालयाने पाठवल्यापासून तुम्ही भरेपर्यंतचे दिवस मुदतीत धरत नाहीत. तीस दिवस उलटले तर माहिती फुकट द्यावी लागते. तरीही काहीच आलं नाही, तर पुढच्या तीस दिवसांत वीस रुपयांचं स्टँप लावून पहिलं अपील करा. ते कोणाकडे करायचं, त्या अधिकाऱ्याचं पद कार्यालयातल्या माहिती अधिकाराच्या फलकावर लिहिलेलं असतं. अर्ज द्यायला जाल तेव्हाच ते उतरवून घ्या.