ओल्या टोपीचा आकार

आमच्या आजोबांच्या गांधी टोपीला वर्षातून एकदा खास कांजी व्हायची, १३ ऑगस्टला. १९४२ साली १४ ऑगस्टला पालघरात मोर्चावर गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. दरवर्षी त्या दिवशी हुतात्मा स्तंभाला वंदन करायला जाताना आजोबांना मऊ पडलेली टोपी चालायची नाही. मग आजी वाडा कोलमच्या भाताची पेज गाळून पातळ करायची, धुतलेली टोपी तिच्यात बुडवायची, न पिळता दोन तळव्यांत दाबायची आणि पूर्ण वाळण्याआधीच, हाताला थंड लागते आहे तोवर, तिच्यावर इस्त्री फिरवायची. पाच मिनिटांपूर्वीची चिंधी होडीसारखी ताठ उभी राहायची.

यात केवढं रसायनशास्त्र आहे हे मला फार उशिरा कळलं. कापूस म्हणजे सेल्युलोज, आणि सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजचे कण एकापुढे एक जोडून झालेली लांबच लांब साखळी. तांदळातला स्टार्चही ग्लुकोजचाच, फक्त कण जोडण्याची तऱ्हा वेगळी. म्हणजे आजी भात आणि टोपी या दोन लांबच्या भावंडांची गाठ घालून देत होती! कापसातल्या शेजारशेजारच्या साखळ्या हायड्रोजन बंधांनी एकमेकींना धरून असतात. पाणी आत शिरलं की ते या साखळ्यांच्या मध्ये येतं आणि त्यांची पकड सुटते. पाणी निघून जाताना साखळ्या पुन्हा एकमेकींना धरतात, पण ज्या जागी असतील त्या जागी. कापड चुरगळलेलं असेल तर चुरगळलेलंच पक्कं होतं, इस्त्रीखाली सपाट असेल तर सपाट. स्टार्चच्या साखळ्याही या पकडीत सामील होतात, म्हणून ताठपणा येतो.

याचा अर्थ असा, की सुती टोपीचा आकार मुख्यतः वाळताना ठरतो. बोईसरच्या पावसाळ्यात हे फार जाणवतं. हवाच ओली, त्यामुळे चिमट्याला लटकवलेली टोपी दोन दोन दिवस ओली राहते आणि तेवढा वेळ स्वतःच्या वजनाने खाली ओढली जाते. वाळेल तेव्हा लांबुळकीच वाळेल. त्याऐवजी डोक्याच्या मापाचा स्टीलचा डबा पालथा घालावा, वर कोरडा नॅपकिन टाकावा आणि त्यावर ओली टोपी चढवून हाताने नीट बसवावी. खाली पंख्याची हवा जावी म्हणून डबा दोन वाट्यांवर ठेवला की काम लवकर होतं.

क्रिकेटच्या टोपीला आणखी एक गोष्ट पाहावी लागते, कपाळावर सावली धरणारा तो पुढचा कडक भाग. नव्या टोप्यांत बहुतेक वेळा आत प्लॅस्टिकची पट्टी असते, जुन्या किंवा स्वस्त टोप्यांत पुठ्ठा. हलकेच वाकवून सोडा. झटकन जागेवर आला तर प्लॅस्टिक. मंदपणे परतला किंवा बारीक मोड राहिली तर पुठ्ठा समजावा. पुठ्ठ्याची टोपी बुडवली की लगदा होतो आणि तो कोणत्याही डब्यावर पूर्ववत होत नाही. तिची फक्त आतली घामाची पट्टी साबणाच्या फेसाने, जुन्या टूथब्रशने साफ करावी आणि ओल्या फडक्याने पुसून घ्यावी.

लोकरीची गोष्ट मात्र अगदी निराळी आहे. तिथे आकार वाळण्याआधीच, धुतानाच हातचा जातो. भाच्यासाठी मनालीहून आणलेली कानटोपी मी एकदा जीन्सबरोबर गरम पाण्याच्या चक्रात टाकली. घेर ५४ सेंटिमीटर होता, बाहेर आली तेव्हा ४४. विणीचे टाके दिसेनासे झाले होते आणि कापड नमद्यासारखं जाड झालं होतं. ते ताणून पाहिलं, दोन दिवस डब्यावर ठेवून पाहिलं, काही उपयोग झाला नाही.

कारण असं, की लोकर म्हणजे केस, आणि त्या केसावर माशासारखे बारीक खवले असतात, सगळे टोकाच्या दिशेने वळलेले. मुळाकडून टोकाकडे बोट फिरवलं तर गुळगुळीत, उलट फिरवलं तर खरखरीत. गरम, साबणाच्या पाण्यात केस मऊ आणि लवचीक होतात. मग यंत्रात घुसळण सुरू झाली की प्रत्येक केस फक्त एकाच दिशेने, मुळाकडे, सरकू शकतो. परतीच्या वाटेवर खवले अडतात. हजारो केस असे एकेक पाऊल पुढे जात एकमेकांत गुंततात आणि कापड आवळत जातं. ही गाठ सुटत नाही. घोंगडीला घट्टपणा येतो तोही याच गुणामुळे, पण तिथे तो हवा असतो.

म्हणून लोकरीच्या टोपीला, मफलरला, हातमोज्याला तीन गोष्टी द्यायच्या नाहीत: ऊन पाणी, घासणं, आणि कपड्याच्या वडीचा क्षार. थंडगार किंवा जेमतेम कोमट पाण्यात लोकरीसाठीचा द्रव साबण नाहीतर रिठ्याचं पाणी घालून, फक्त दाबत-सोडत धुवावं. धुवायचं पाणी आणि खळबळायचं पाणी सारख्याच उबेचं असावं. मग टॉवेलमध्ये गुंडाळून दाबावं, पिळू नये. आणि माझी सर्वांत आवडती युक्ती: धुण्याआधी वस्तू वर्तमानपत्रावर पसरून पेन्सिलीने कडेची रेघ मारून ठेवावी. ओली झाल्यावर तिला हळूच त्या रेघेपर्यंत जुळवून, टॉवेलवर सपाट, सावलीत वाळवावं.

पण थांबा, तुमची कानटोपी लोकरीचीच आहे ना? थंडीत बाजारात ‘वूलन’ म्हणून मिळणाऱ्या टोप्यांत ॲक्रिलिकच्या फार असतात. विणीतला एक सुटा धागा चिमट्यात धरून वाटीवर पेटवा. केस जळल्याचा वास आला आणि राख बोटांत चुरली तर लोकर. वितळून काळा टणक मणी झाला तर ॲक्रिलिक. याचं नशीब नेमकं उलटं: ते आवळत नाही, पण गरम पाण्यात त्याचे धागे मऊ पडतात आणि ताणले तर तसेच राहतात. टोपी ढिली होऊन डोळ्यांवर येते. ॲक्रिलिक जाळीच्या पिशवीत, किंवा तोंड बांधलेल्या उशीच्या अभ्र्यात, थंड पाण्याच्या हलक्या चक्रात निर्धास्त धुवा. फक्त उष्णता टाळा.

स्कूटरवर तोंडाला बांधायच्या सुती स्कार्फचं थोडक्यात: तो कोपऱ्याला चिमटा लावून लटकवू नका. उभ्या-आडव्या धाग्यांच्या दिशेने कापड फारसं ताणत नाही, पण तिरकस दिशेने सहज ताणतं, म्हणून कोपरा कायमचा वेडावाकडा होतो. दोरीवर मधोमध सरळ टाका.

उरले हातमोजे. तारापूर एमआयडीसीत काम करणाऱ्यांच्या घरोघरी विणलेल्या पांढऱ्या सुती हातमोज्यांच्या जोड्या सापडतील. विणताना यंत्रावर ताणलेले फासे पहिल्या धुण्यात सैल पडून आखडतात, म्हणून बोटं आखूड होतात. ओले असतानाच एकेक बोट लांबीला ओढून सरळ केलं की बरीचशी लांबी परत मिळते. धूळ आणि साध्या मळाच्या जोडीसाठी एवढं पुरे. पण ज्यांना रंग, आम्ल, सॉल्व्हंट किंवा कसलीही पावडर लागली आहे त्या हातमोज्यांचा आकार टिकवण्याचा विचारही करू नका. सूत जसं पाणी शोषतं तसंच हेही शोषतं, आणि त्याच बादलीत मग बाळाचं टोपडं भिजतं. असे हातमोजे घरी आणू नका, ते कारखान्यातच जमा करा.