तीनशे सेहेचाळीस मेसेज आणि एक ‘ओके’

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच अडचण सांगितली: साहेब किंवा मॅडम रजेवरून येणार असतात, ग्रुपवर मेसेजचा डोंगर साचलेला असतो आणि ‘जरा थोडक्यात मेल करून ठेवा’ असा निरोप येतो. आज माझ्यावर आलेला असाच एक प्रसंग सांगतो.

फौजेतून निवृत्त झाल्यावर मी वडोदऱ्याला एका औषध वितरकाच्या गोदामात प्रशासन आणि सुरक्षा पाहत होतो. आमच्या मॅनेजर मॅडम बारा दिवस रजेवर होत्या, सोमवारी येणार होत्या. ग्रुपवर ३४६ मेसेज होते, हिंदी, गुजराती आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत.

शनिवारी रात्री मी आधी सगळा ग्रुप `Export chat` करून कागदावर काढला. फोटो वगळून काढला, ही पहिली चूक. कागदावर जागोजागी `<Media omitted>` आलं आणि नेमका ऐवज तिथेच होता: तापमान नोंदयंत्राचा फोटो, मेकॅनिकची दरपत्रकं. म्हणून एका हातात कागद आणि दुसऱ्या हातात फोन घेऊन बसावं लागलं.

पहिला मसुदा मी तारखेनुसार लिहिला. बुधवारी वीज गेली, गुरुवारी अमुक बोलले, शुक्रवारी तमुक. अडीच पानं झाली. हिला वाचायला दिला. तिचा गोदामाशी काही संबंध नाही, म्हणूनच दिला. तिने वाचून विचारलं, “मग ती खोकी आत्ता आहेत कुठे?” माझ्या अडीच पानांत त्याचं उत्तर नव्हतं.

तारखेनुसार लिहिलं की हे होतंच. ग्रुपवर चार विषय एकमेकांत गुंतून चालतात. तारखेनुसार लिहिताना आपण तो गुंता फक्त स्वच्छ अक्षरात उतरवतो. मग मी चार कोरे कागद घेतले. जनरेटर, खोकी, वाहतूकदाराचं बिल आणि सुट्ट्या. प्रत्येक मेसेज त्याच्या कागदावर टाकला. गुड मॉर्निंग, अंगठे आणि भांडणं बाजूला केल्यावर साठेक मेसेज उरले. प्रत्येक कागदाच्या तळाशी एकच ओळ लिहायची: आज स्थिती काय, आणि पुढचं पाऊल कोणाच्या हातात आहे.

खोक्यांचा कागद तिथेच अडला. बुधवारी रात्री वीज गेली, जनरेटर आपोआप सुरू झाला नाही. शीतगृहातला माल २ ते ८ अंशांत ठेवायचा असतो. पारा वर गेला. आतली १४ खोकी विक्रीतून बाजूला काढून उत्पादक कंपनीच्या गुणवत्ता विभागाला विचारायचं ठरलं. इथवर स्पष्ट होतं. शनिवारी मात्र पाठवणी पाहणाऱ्या मुलाचा मेसेज होता: “आणंद २ बॉक्स कल.” क्रियापद नाही. मराठीत काल म्हणजे काल आणि उद्या म्हणजे उद्या. हिंदीतलं ‘कल’ आणि गुजरातीतलं ‘काले’ दोन्हीकडे चालतं. मी ‘उद्या जाणार’ असं वाचलं आणि मनात म्हटलं, वेळेत कळलं, थांबवू.

रविवारी सकाळी गोदामात जाऊन मोजली. बाराच होती. दोन शुक्रवारीच गेली होती.

मुलाला फोन केला. तो म्हणाला, “सर, आपने ही ओके बोला था.” ग्रुप उघडून पाहिलं. शुक्रवारी ९:४२ला मेकॅनिकचं दरपत्रक आलं. ९:४३ला या मुलाने विचारलं, आणंदची दोन खोकी पाठवू का? ९:४७ला माझं ‘ओके’. मी दरपत्रकाला होकार दिला होता, मधला प्रश्न पाहिलाच नव्हता. ज्या मेसेजला उत्तर आहे तो धरून उजवीकडे सरकवला असता, तर उत्तर त्याच्याखाली दिसलं असतं.

म्हणून नुसत्या ‘ओके’, ‘हो गया’, ‘भेज दिया’वर कधी लिहू नका. कोणाला उद्देशून, कशाला, हे त्या माणसाला फोनवर विचारा; माल असेल तर मोजा. आणि जे सोमवारपर्यंत थांबू शकत नाही ते मेलवर ठेवू नका. मी तिथूनच आणंदच्या दुकानदाराला फोन लावला. त्याने खोकी फोडली नव्हती. फ्रिजमध्ये वेगळी ठेवायला सांगितली. गुणवत्ता विभागाच्या माणसालाही लगेच कळवलं.

मग मेल लिहायला बसलो. पहिलं वाक्य आपोआप उतरलं: “गैरसमजाने दोन खोकी पाठवली गेली.” वाचायला छान वाटतं. कोणी पाठवली, कोणाच्या सांगण्यावरून, काहीच कळत नाही. सारांश लिहिणाऱ्याच्या हातात ही मोठीच सोय असते. स्वतःचं नाव वाक्यातून अलगद काढता येतं. ते वाक्य खोडलं. शेवटी गेलेला मेल असा होता, मूळ इंग्रजीत:

विषय: सोमवारी ११ वाजण्यापूर्वी दोन निर्णय हवेत

मॅडम,

१. खोकी. बुधवारी रात्री शीतगृह २ तास १० मिनिटे ८ अंशांच्या वर होते, कमाल ११.४ (नोंदयंत्राचा फोटो सोबत). १४ खोकी रोखायची होती. १२ गोदामात आहेत, मी रविवारी मोजली. २ शुक्रवारी आणंदला गेली, ग्रुपवरील माझ्या संदिग्ध ‘ओके’मुळे. दुकानदाराने ती न विकता फ्रिजमध्ये ठेवली आहेत. गुणवत्ता विभागाचे उत्तर आलेले नाही. निर्णय: ती आज परत आणायची का? माझे मत: होय, शीतपेटीतून.

२. जनरेटर. चेंजओव्हर पॅनेल बिघडले आहे. दुरुस्ती १८,५०० रुपये, नवीन ६४,००० रुपये. दुरुस्तीला मी होकार दिला आहे, काम सुरू नाही, बदलता येईल. तोवर रात्री एक पहारेकरी जनरेटरपाशी बसतो. निर्णय: दुरुस्ती की नवीन?

खात्री नाही: त्या रात्री टाकीत डिझेल होते का. पहारेकरी हो म्हणतो, शीतगृहाचा कर्मचारी नाही.

पूर्ण झाले: वाहतूकदाराचे बिल दिले. सुट्ट्यांचा तक्ता लागला.

डिझेलच्या ओळीवर मी बराच वेळ थांबलो होतो. पहारेकरी माझा माणूस, तेव्हा त्याचंच खरं धरून ती ओळ गाळायचा मोह होता. पण ग्रुपवर दोन माणसं दोन गोष्टी सांगत असतील तर निवाडा करणं हे सारांश लिहिणाऱ्याचं काम नाही. दोन्ही म्हणणी ठेवायची. त्यावरून झालेले चाळीसेक मेसेजचे भांडण मात्र गाळलं. त्यातून मॅडमचा कुठलाच निर्णय बदलणार नव्हता. फौजेत परिस्थितीचा अहवाल देतानाही आम्ही स्वतः पाहिलेलं आणि कोणी सांगितलेलं वेगळं ठेवायचो. ‘मी मोजली’ हे दोन शब्द मेलमध्ये त्यासाठीच आहेत.

सोमवारी पावणेदहाला मॅडमचं उत्तर आलं: “खोकी आज आणा. पॅनेल नवीन घ्या. डिझेलचं रजिस्टर घेऊन मला भेटा.” रजिस्टरमध्ये त्या आठवड्याची नोंदच नव्हती. ते रजिस्टर माझ्याच खात्याचं होतं.