नाव की खूण? : औषधविज्ञानाच्या मराठी स्लाइडवरील रोमन अक्षरे



ज्या गुरुजनांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आपल्याला भोपाळच्या हिंदी वातावरणात राहून नेमके मराठी लिहायला शिकवले. म्हणून आजचा विषय मुद्दामच नेमकेपणाचा घेतला आहे. महाराष्ट्रातील काही वैद्यकीय अध्यापक औषधविज्ञानाच्या आपल्या स्लाइड मराठीत आणू पाहत होते. भाषा तपासण्यासाठी त्यांनी त्या माझ्याकडे सोनागिरीला पाठवल्या. औषधे हा माझा प्रांत नव्हे. मात्र पहिल्याच स्लाइडवर जो प्रश्न उभा राहिला तो भाषेचा होता : कोणते नाव रोमन लिपीत ठेवायचे, कोणते देवनागरीत लिहायचे आणि कशाचे भाषांतर करायचे?

या प्रश्नाचे एक उत्तर आपल्या गावातच दिले गेले आहे. १६ ऑक्टोबर २०२२ रोजी वैद्यकीय पहिल्या वर्षाची शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन या तीन विषयांची हिंदी पुस्तके भोपाळमध्ये प्रकाशित झाली. त्यांत असंख्य इंग्रजी संज्ञा देवनागरी लिपीत जशाच्या तशा ठेवलेल्या आहेत. या पद्धतीला जुना आधारही आहे. केंद्र शासनाने १९६१ साली स्थापन केलेल्या वैज्ञानिक तथा तांत्रिक शब्दावली आयोगाचे तत्त्व असे की, आंतरराष्ट्रीय स्वरूपाचे शब्द बदलू नयेत, त्यांचे लिप्यंतर करावे. चिन्हे व सूत्रे मात्र रोमन लिपीतच ठेवावीत. म्हणजे शब्द असेल तर लिपी बदलते, चिन्ह असेल तर बदलत नाही.

हे तत्त्व मला मान्य आहे. अडचण एवढीच की, औषधाचे नाव हा शब्द मानायचा की चिन्ह?

आज औषधांना जी सामान्य नावे असतात, ती बहुतांशी जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीने ठरतात. ही पद्धत १९५० साली आखली गेली आणि तिची पहिली यादी १९५३ साली निघाली. या नावांची रचना आपल्या प्रत्ययांसारखी आहे. `-olol` हा शेवट दिसला की, हृदयाची गती मंदावणाऱ्या एका विशिष्ट कुळातील औषध समजावे. `-pril` दिसला की, रक्तदाबावरील दुसऱ्या कुळातील. पाणिनीची सूत्रे वाचलेल्या माणसाला यात आपलेच काही सापडल्याचा आनंद व्हावा. परंतु हा प्रत्यय अक्षरांच्या क्रमात वसतो. एका स्लाइडवर मला ‘अॅटेनोलॉल’ दिसले, दुसऱ्या स्लाइडवर ‘एटिनोलोल’, आणि तिसऱ्यावर त्याच कुळातील दुसरे औषध ‘प्रोप्रानोलॉल’ असे. यांतले कोणतेही रूप अशुद्ध म्हणता येणार नाही, कारण इंग्रजी उच्चाराला देवनागरीत एकच ठरलेले रूप नाही. तरीही कूळ ओळखण्याची खूण तेवढ्यात पुसट झाली, आणि अनुक्रमणिकेत तेच औषध ‘अ’खाली शोधावे की ‘ए’खाली, हेही विद्यार्थ्याला कळेनासे झाले.

याहून सूक्ष्म उदाहरण जंतुनाशकांचे आहे. `streptomycin` आणि `gentamicin` ही दोन नावे पाहा. पहिल्यात ‘वाय’ आहे, दुसऱ्यात त्याच जागी ‘आय’. हा मुद्रणदोष नव्हे. पहिले औषध स्ट्रेप्टोमायसिस नावाच्या सूक्ष्मजीवापासून मिळते, दुसरे मायक्रोमोनोस्पोरा नावाच्या वेगळ्या सूक्ष्मजीवापासून. तो उगम नावात दिसावा म्हणून हे अक्षर वेगळे ठेवले आहे. देवनागरीत दोन्ही नावांचा शेवट ‘मायसिन’ असाच होतो. आपली लिपी ध्वनीशी प्रामाणिक आहे, हा तिचा मोठाच गुण. पण येथे माहिती ध्वनीत नसून केवळ वर्णलेखनात आहे, आणि ध्वनीशी प्रामाणिक राहणारी लिपी ती साहजिकच गाळते. अर्थात या शेवटावरून उगम कळतो, कूळ कळेलच असे नाही. `erythromycin` चा शेवटही तसाच असून ते निराळ्या कुळातले आहे, हे विद्यार्थ्याला वेगळे सांगावे लागते.

आणखी एक व्यावहारिक कारण आहे. डॉक्टरने औषध सामान्य नावाने, सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या रोमन अक्षरांत लिहावे, असा दंडक २०१६ च्या दुरुस्तीने आपल्या देशात आला. कुपीवरचे आणि संगणकावरचे नावही रोमनच असते. सारख्या दिसणाऱ्या नावांत गोंधळ होऊ नये म्हणून काही ठिकाणी नावाचा वेगळा भाग मोठ्या अक्षरांत छापतात : `chlorproMAZINE` हे मनोविकारावरचे औषध, तर `chlorproPAMIDE` हे मधुमेहावरचे. त्यांची अदलाबदल झाली तर मधुमेह नसलेल्या रुग्णाची रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. लहान-मोठ्या अक्षरांची ही सोय देवनागरीत नाहीच. म्हणून माझा निष्कर्ष असा की, औषधाचे सामान्य नाव हे स्लाइडवर चिन्हाप्रमाणे वागते. ते रोमनमध्येच राहावे. प्रथम येईल तेथे खाली लहान टाइपात देवनागरी उच्चार द्यावा, कारण व्याख्यान हे अखेर बोलायचे असते.

इंद्रियांच्या नावांची गोष्ट याच्या उलट आहे. हृदय, यकृत, फुप्फुस, जठर, मूत्रपिंड हे शब्द रुग्णाच्या तोंडी आहेत. ते कुपीवर छापलेले नसतात, त्यांच्या शेवटावरून कूळ ओळखायचे नसते. ते खरोखरीचे शब्द आहेत आणि त्यांचे मराठीच व्हायला हवे. येथे रोमन लिपी ठेवण्याने काही साधत नाही. पण मराठी शब्द निवडताना डोळे उघडे ठेवावे लागतात. आपल्यापैकी जे भोपाळच्या हिंदी शाळांत शिकले, ते ज्याला ‘अग्न्याशय’ म्हणतात, त्याला महाराष्ट्रातील विद्यार्थी ‘स्वादुपिंड’ म्हणतो. इन्सुलिनच्या स्लाइडवर हिंदी पुस्तकातील शब्द तसाच उचलला, तर मराठी मुलाला तो जठराचाच एखादा भाग वाटण्याचा संभव असतो.

मराठीतल्या मराठीतही फसगत होते. त्याचे सर्वांत बोलके उदाहरण ‘मज्जा’ या शब्दाचे आहे. आपल्या जुन्या पुस्तकांत मज्जातंतू, मज्जारज्जू, मज्जासंस्था हे शब्द संवेदना वाहणाऱ्या तंत्राबद्दल आहेत. आणि हाडाच्या पोकळीत जेथे रक्तपेशी तयार होतात, ती अस्थिमज्जा. आता औषधविज्ञानात दोन वेगळे दुष्परिणाम पाहा. झोपेची काही औषधे मेंदूचे कार्य मंदावतात. रुग्ण गुंगीत जातो, श्वास मंद होतो. `chloramphenicol` हे जंतुनाशक रक्तपेशींची निर्मिती मंदावते. रक्त तपासले की पेशींची संख्या घटलेली दिसते. माझ्यापुढच्या स्लाइडवर या दोन्हींसाठी ‘मज्जेचे दमन’ असे एकच भाषांतर आले होते. एका ठिकाणी डॉक्टरने रुग्णाच्या श्वासाकडे लक्ष ठेवायचे आहे, दुसऱ्या ठिकाणी रक्ताच्या तपासणीकडे. मराठी वाचून तो भेद कळण्याचा मार्गच उरला नव्हता.

उपाय रोमन लिपीचा नव्हता. तो मराठीतच होता. शालेय विज्ञानाच्या पुस्तकांनी रुळवलेला ‘चेतासंस्था’ हा शब्द संवेदनांच्या तंत्रासाठी घेतला आणि ‘मज्जा’ हा शब्द केवळ ‘अस्थिमज्जा’ या जोडशब्दातच वापरायचा, असे ठरले. मग एका स्लाइडवर ‘मध्यवर्ती चेतासंस्थेचे कार्य मंदावते’ आणि दुसऱ्यावर ‘अस्थिमज्जेतील रक्तपेशींची निर्मिती मंदावते’ असे आले. वाक्य थोडे लांबले, पण त्याचा दुसरा अर्थ होत नाही.

आता एक स्लाइड पूर्ण करून पाहू. विषय `gentamicin`. मूळ मजकुराचा आशय असा : हे औषध मूत्रपिंडातील नलिकांच्या पेशींत साठते व त्यांना इजा करते, अंतर्कर्णातील पेशींना इजा करून श्रवण व तोल बिघडवते, मूत्रपिंडाचे कार्य कमी असल्यास मात्रेत बदल करावा. पहिल्या मसुद्यात ‘gentamicinमुळे’ असे लिहिले होते. रोमन शब्दाला मराठी विभक्ती अशी चिकटवली की डोळा अडखळतो, आणि मोठ्या पडद्यावर नाव कोठे संपले हेही नीट दिसत नाही. जोडरेघ घातली तर ती नावाचाच भाग वाटते. येथे मराठीची एक सहज लकब कामी आली : विभक्ती नावाला न लावता त्यामागून येणाऱ्या मराठी नामाला लावायची. ‘gentamicin या औषधामुळे मूत्रपिंडातील नलिकांना इजा होते’. नाव अविकृत राहिले, वाक्य मराठी राहिले. ही इजा बहुधा भरून येते, कानाची मात्र पुष्कळदा कायमची असते; म्हणून ‘इजा’ आणि ‘कायमची हानी’ असे दोन शब्द आम्ही वेगळे ठेवले.

मधल्या प्रदेशातही काही संज्ञा आहेत. ‘हेन्लेचा पाश’ यात व्यक्तिनाम देवनागरीत, सामान्यनाम मराठीत. तो शब्दच आहे. हृदयातील `SA` आणि `AV` गाठी, किंवा हृदयालेखावरील `QT` अंतर, ही अक्षरे विद्यार्थ्याला पुस्तकात आणि यंत्रावर तशीच दिसणार आहेत. ती चिन्हे आहेत. एकाच संज्ञेत चिन्ह आणि शब्द शेजारी नांदू शकतात, त्यात विटाळ नाही.

निर्णय बरोबर झाला की नाही हे तपासण्याची एक साधी रीत आहे. मूळ स्लाइड न पाहिलेल्या अध्यापकाला मराठी स्लाइड द्यावी आणि तिचे पुन्हा इंग्रजी करायला सांगावे. ‘मज्जेचे दमन’ या शब्दांची दोन वेगळी इंग्रजी रूपे परत आली, तेव्हाच दोष उघड झाला. औषधाच्या नावात एक अक्षर जरी बदलून परत आले, तरी ते नाव देवनागरीत ठेवण्याजोगे नव्हते असे समजावे. याला मर्यादाही आहे : मूळ इंग्रजीतच जे संदिग्ध असते, ते या रीतीने पकडता येत नाही. आणि रोमन लिपीत ठेवलेली नावेही एकमेकांसारखी दिसतात. तेथे कुपी दोनदा वाचण्याला पर्याय नाही.

थोडक्यात, लिपी ठरवण्यापूर्वी विद्यार्थी त्या नावाचे पुढे काय करणार, हे विचारावे. तो ते कुपीवर वाचणार आणि चिठ्ठीवर लिहिणार असेल तर ते रोमनमध्ये असू द्यावे. तो ते रुग्णाशी बोलणार असेल तर ते मराठीत असावे, आणि त्या मराठी शब्दाचा अर्थ एकच असावा.