नफा तोच, वाटेकरी वाढले तर?

कंपनीच्या तिमाही निकालाच्या तक्त्यात अगदी तळाशी प्रति शेअर मिळकतीच्या दोन ओळी असतात: बेसिक ईपीएस आणि डायल्युटेड ईपीएस. बहुतेकांची नजर पहिल्या ओळीवरच थांबते. खरे तर पुढे शेअर मागायला कोण कोण येऊ शकते, हे दुसरी ओळ सांगते.

एक कल्पित कंपनी घेऊ. नफा १० कोटी रुपये, शेअर १ कोटी. म्हणजे बेसिक ईपीएस १० रुपये. तिने कर्मचाऱ्यांना १० लाख ईसॉप दिले आहेत. ६० रुपये भरले की एक शेअर मिळतो आणि बाजारात वर्षभराचा सरासरी भाव आहे १०० रुपये. मग सरळ १० लाख शेअर वाढले असे का धरत नाहीत? कारण कर्मचारी फुकट शेअर घेत नाहीत, ते ६ कोटी रुपये भरतात. ट्रेझरी स्टॉक पद्धत असे मानते, की कंपनी त्या पैशातून बाजारभावाने स्वतःचे ६ लाख शेअर परत घेते. उरलेले ४ लाख शेअरच खरी भर. ईपीएस होतो ९.६२ रुपये.

गंमत अशी, की सरासरी भाव १२० झाला तर ६ कोटींत ५ लाखच शेअर येतात आणि भर ५ लाखांची होते. शेअर वधारला की जुन्या भागधारकाचा वाटा जास्त पातळ होतो! भाव ६० च्या खाली असेल तर ईसॉप हिशेबातच येत नाहीत.

परिवर्तनीय कर्जरोख्यांचे गणित वेगळे. समजा, याच कंपनीचे १० कोटींचे, ८ टक्के व्याजाचे रोखे २० लाख शेअरांत बदलू शकतात. इफ-कन्व्हर्टेड पद्धतीत ते वर्षारंभीच बदलले असे धरतात. मग ८० लाखांचे व्याज वाचते; २५ टक्के कर वजा जाता नफ्यात ६० लाखांची भर पडते. १०.६० कोटींना १.२४ कोटी शेअरांनी भागले की ८.५५ रुपये. दहातले जवळपास दीड रुपये गेले.

हेच रोखे फक्त ५ लाख शेअरांत बदलणार असते तर? नव्या शेअरमागे १२ रुपये नफा वाढला असता आणि ईपीएस उलट वर गेला असता. असा फुगवटा नियमांना मान्य नाही. ते रोखे वगळले जातात.

याच नियमामुळे तोट्यातल्या कंपनीचे दोन्ही आकडे बहुधा सारखे दिसतात. जास्त शेअरांनी भागले की प्रति शेअर तोटा कमी दिसतो, म्हणून ईसॉप बाजूला ठेवतात. सारखे आकडे पाहून ईसॉप नाहीतच, असे समजणे चूक ठरेल. इंड एएस ३३ या लेखा मानकानुसार आज वगळलेल्या, पण पुढे वाटा पातळ करू शकणाऱ्या साधनांची माहिती द्यावीच लागते. वार्षिक अहवालातली ईपीएसची टीप उघडून ती जरूर वाचावी.